एआयने केलेल्या प्रॉडक्ट इमेजेसना रिव्हिजन राउंड का लागतात, हे क्लायंटला मेलमध्ये कसं लिहावं?

चित्रा_म

सीरमच्या बाटलीच्या पाच इमेजेसचं काम आहे. ३० मिलीची तपकिरी काचेची बाटली, काळा ड्रॉपर, हिरवं लेबल. क्लायंटने फोनवर काढलेले तीन फोटो आणि लेबलची पीडीएफ दिली होती. पाच इमेजेस अशा: पांढऱ्या बॅकग्राउंडवर समोरून, दगडी पाटीवर पाण्याच्या थेंबांसोबत, हातात धरलेली, ड्रॉपर बाहेर काढलेली, आणि खोक्यासोबत.

पहिला सेट गेल्यावर उत्तर आलं: "बाटली जाड दिसतेय. लेबलवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. हिरवा आमचा हिरवा नाही. एकंदर जरा प्रीमियम वाटू दे. आणि हे सगळं मशीन मिनिटाभरात करतं, मग कोटेशनमध्ये तीन रिव्हिजन राउंड आणि दहा दिवस कशासाठी?"

उत्तराचा हा कच्चा मसुदा:

"नमस्कार, एआय इमेज जनरेशन ही प्रोबॅबिलिस्टिक प्रक्रिया असल्यामुळे प्रत्येक आउटपुट वेगळा येतो. डिफ्यूजन मॉडेलला मजकूर आणि ब्रँडचे रंग अचूक कळत नाहीत. त्यामुळे अपेक्षित निकालापर्यंत पोहोचायला अनेक इटरेशन्स लागतात. गैरसोयीबद्दल क्षमस्व. तीन राउंडमध्ये आम्ही सर्व बदल करू."

हे वाचून क्लायंटचं समाधान होईल असं वाटत नाही. काय बदलू?

---

उभी_रेघ

या मेलची अडचण तांत्रिक शब्दांपुरती नाही. "प्रत्येक आउटपुट वेगळा येतो" असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, हे लोक नशिबावर बटण दाबत बसणार आणि त्याचे दहा दिवस आपल्याकडून घेणार. त्यात "सर्व बदल करू" असं शेवटी लिहिलंय, म्हणजे तिसऱ्या राउंडला कोन बदला असं सांगायचीही मुभा दिली. तिथेच पुढचा सगळा घोळ आहे.

राउंड का लागतात याचं खरं उत्तर एका वाक्यात मावतं: चित्र मिनिटात होतं, पण ते तुमच्या बाटलीचं नसतं, तुमच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या एका बाटलीचं असतं. ती तुमची बाटली होईपर्यंत जे काम करावं लागतं ते हाताने होतं, आणि त्याला क्रम असतो. कोन ठरल्याशिवाय लेबल बसवता येत नाही, लेबल बसल्याशिवाय त्यावरची चमक घालता येत नाही. राउंड या क्रमासाठी आहेत. मेलमध्ये हे यायला हवं.

---

सीडमास्टर

इतकं लांबड लावायची गरजच काय? सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, लॉक करा. सीड तोच ठेवला की चित्र तेच येतं, मग प्रॉम्प्टमध्ये फक्त "बारीक बाटली" आणि हिरव्याचा हेक्स कोड टाका, `#1F5C4A` जो काय असेल तो. एका राउंडमध्ये काम संपेल. क्लायंटला तीन राउंड सांगितले की तो तीनही वापरणारच.

---

उभी_रेघ

सीडचं अर्धं बरोबर आहे. सीड, प्रॉम्प्ट, मॉडेल, स्टेप्स, साइज, सगळं तंतोतंत तेच असेल तर चित्र तेच येतं. म्हणून प्रत्येक इमेजचा सीड आणि सेटिंग लिहून ठेवणं शहाणपणाचंच आहे. पण प्रॉम्प्टमधला एक शब्द बदलला की ज्या विस्कळीत ठिपक्यांतून चित्र घडतं तो सुरुवातीचा गोंगाट तोच राहतो आणि तिथून पुढची वाट बदलते. ढोबळ रचना बहुतेक वेळा टिकते. बाटलीच्या खांद्याचा उतार, ड्रॉपरच्या रबराची उंची, सावलीची दिशा, दगडावरचे थेंब, यातलं काही ना काही हलतंच. ज्या थेंबांना क्लायंटने "छान" म्हटलं होतं ते पुढच्या चित्रात नसतात, आणि मग "हे कोणी बदलायला सांगितलं होतं?" असा मेल येतो.

हेक्स कोडचं तर मुळीच धरून चालू नका. बहुतेक वेळा मॉडेल तो आकडा रंग म्हणून मोजत नाही. फार तर हिरव्याच्या जवळपास जाईल, आणि तेही त्या चित्रातल्या उजेडात मुरलेल्या हिरव्याच्या. अचूक रंग हवा असेल तर तो लेबलच्या मूळ फाइलमधून आणावा लागतो.

---

सीडमास्टर

मग मास्क लावून फक्त लेबलपुरतं पुन्हा जनरेट करा. बाकीचं चित्र जागच्या जागी राहतं.

---

उभी_रेघ

डाग, कडा, थेंब यासाठी मास्क उत्तम. पण त्यात एक खाच आहे, ती कामात असलेल्यांनी लक्षात ठेवावी. बऱ्याच टूल्समध्ये मास्कबाहेरचा भागही आत एकदा आकसून पुन्हा फुलवला जातो. डोळ्याला चित्र तेच वाटतं, पण बारीक रेषा आणि पोत किंचित बदललेले असतात. असं पाच-सहा वेळा केलं की काचेच्या कडा मऊ पडतात. उपाय सोपा आहे: नव्या फाइलमधून मास्कपुरता तुकडाच उचलायचा आणि जुन्या फाइलवर वेगळ्या लेयरमध्ये ठेवायचा. नवी फाइल आहे तशी पुढे नेऊ नये.

लेबलवरच्या बारीक मजकुरासाठी मात्र मास्क उपयोगाचा नाही. स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल्स चित्र थेट पिक्सेलमध्ये काढत नाहीत. १०२४ बाय १०२४ ची इमेज आत १२८ बाय १२८ चौकटींवर तयार होते, म्हणजे एका चौकटीत बाजूला ८ पिक्सेल. चित्रात बाटली साधारण ६०० पिक्सेल उंच धरली तर लेबल ३०० च्या आसपास येतं आणि त्यावरची घटकांची ओळ ६-७ पिक्सेलची. अख्खं अक्षर एका चौकटीहून लहान! तिथे अक्षर उमटत नाही, अक्षरासारखी नक्षी उमटते. नवी मॉडेल्स ब्रँडचं मोठं नाव बरोबर लिहितात, पण "३० मिली" आणि घटकांच्या ओळीवर अजूनही विसंबता येत नाही. मोठ्या साइजला लेबलचा भाग जवळून जनरेट केला तर अक्षरं सुबक येतात, पण ती मजकुराप्रमाणेच असतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

---

मधुगंधा

मी पलीकडच्या बाजूला असते, म्हणजे अशा इमेजेस मागवणाऱ्या कंपनीत मार्केटिंगला. वरचं चौकटींचं वाचायला चांगलं वाटलं, पण मेलमध्ये यातलं काहीही लिहू नका. मेल वाचणारी व्यक्ती तीन गोष्टी शोधते: माझ्या तक्रारींचं काय केलं, फायनल कधी मिळणार, आणि मी आता काय करायचं. ज्या मेलमध्ये "तुमच्याकडून हे हवं" असा परिच्छेद नसतो, तो मेल आमच्याकडे बॉसला फॉरवर्ड होतो आणि तिथेच पडून राहतो.

शिवाय चार तक्रारी एकाच सुरात हाताळू नका. बाटली जाड आणि अक्षरं चुकली, या तुमच्या बाजूच्या चुका. "प्रीमियम" हे आमच्या बाजूचं मोघम बोलणं. दोन्हींना "इटरेशन" म्हटलं की आम्हाला वाटतं, तुमच्या चुका आमच्या राउंडमध्ये घातल्या जातायत.

---

उभी_रेघ

मधुगंधा, शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. चूक वेगळी, बदल वेगळा आणि नवं काम वेगळं. मूळ बाटलीशी किंवा लेबलच्या फाइलशी जे जुळत नाही ती चूक, ती राउंडमध्ये धरायची नाही. मान्य झालेल्या चौकटीतली आवडनिवड म्हणजे बदल, तो राउंडमध्ये. मान्य झालेला कोन किंवा मांडणी पुन्हा उघडायची असेल तर ते नवं काम. हे तिन्ही मेलमध्ये साध्या भाषेत असावेत.

तांत्रिक काहीच नको, हे मात्र मला पटत नाही. एक वाक्य हवंच. नाहीतर क्लायंटच्या मनात "मिनिटात होतं" हे तसंच राहतं आणि प्रत्येक राउंडला तो तेच विचारतो.

---

चित्रा_म

"बाटली जाड दिसतेय" हे चूक धरायचं की आवड? फोटोत ती तशीच दिसते असं मला वाटलं होतं.

---

उभी_रेघ

मोजा, वाद मिटतो. क्लायंटकडून बाटलीची ड्रॉपरसकट उंची आणि व्यास मागवा. समजा उंची १०२ मिमी आणि व्यास ३३ मिमी आहे. समोरून सरळ घेतलेल्या इमेजमध्ये बाटली ६१२ पिक्सेल उंच असेल तर रुंदी ६१२ गुणिले ३३ भागिले १०२, म्हणजे १९८ पिक्सेल यायला हवी. तुमच्या चित्रात ती २२६ भरली तर बाटली १४ टक्के जाड आहे, ती चूक. १९५ ते २०२ च्या दरम्यान असेल तर आकार बरोबर आहे आणि क्लायंटला उजेडामुळे ती जाड वाटतेय. दोन्ही कडांवर उजळ पट्टा असला की काच फुगल्यासारखी दिसते, त्या कडा गडद करून बघा. हा हिशेब फक्त समोरच्या कोनाला चालतो. वरून घेतलेल्या इमेजमध्ये उंची आखडते, तिथे लागू करू नका.

फोनच्या फोटोवरून अंदाज घेतलात तर आणखी एक धोका आहे. फोन जवळ धरून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो. मॉडेलला तोच फोटो रेफरन्स म्हणून दिला की तोच फुगवटा चित्रात येतो. बाटलीचे फोटो दीड-दोन मीटरवरून, दोन पट झूम करून मागवा.

हातातल्या इमेजलाही माप लावा. मोठ्या माणसाचा पंजा मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण १८-१९ सेंटीमीटर असतो. म्हणजे १०२ मिमीची बाटली पंजाच्या निम्म्याहून थोडी जास्त दिसली पाहिजे. मॉडेल इथे बाटली सर्रास मोठी करतं, आणि ३० मिलीची बाटली ५० ची वाटली तर ती गिऱ्हाइकाची दिशाभूल होते. क्लायंटने तक्रार केली नाही तरी हे आपण होऊन सांगावं.

---

रंगीत_धागा

माझं शर्टांचं आहे. छापील शर्ट, पाच पोज, प्रत्येक पोजमध्ये प्रिंट बदलतं. एका चित्रात पानं मोठी, दुसऱ्यात लहान, कॉलरवर वेगळीच. मी क्लायंटला किती रिव्हिजन सांगू? सहा पुरतील का?

---

उभी_रेघ

तुमचा प्रश्न राउंडच्या आकड्याने सुटणार नाही. बाटलीवरचं लेबल सिलिंडरवर बसतं, ते मूळ फाइलमधून वाकवून चिकटवता येतं. कापडाला चुण्या असतात, प्रत्येक चुणीत प्रिंट दुमडतं. सहा राउंड दिलेत तर सहा वेगवेगळी प्रिंट्स मिळतील. शर्ट माणसाच्या किंवा पुतळ्याच्या अंगावर घालून खरे फोटो काढा आणि बॅकग्राउंड तेवढं जनरेट करा. क्लायंटला मेल लिहायचाच तर हे सुचवणारा लिहा.

---

रंगीत_धागा

पुतळ्यावर शूट करायचं तर एआय घेतलं कशाला, असं क्लायंट म्हणेल.

---

मधुगंधा

म्हणेल. त्याला दोन इमेजेसचं प्रिंट शेजारी शेजारी ठेवून दाखवा. गिऱ्हाइकाला आलेला शर्ट चित्राशी जुळला नाही की तो परत येतो, हे कपडे विकणाऱ्याला समजावावं लागत नाही.

---

तिसरी_प्रत

रंगाबद्दल थोडं. "आमचा हिरवा नाही" याला तीन वेगळी कारणं असू शकतात, आणि मेलमध्ये एक प्रश्न टाकला तर राउंड वाचतो. पहिलं, लेबल मॉडेलने काढलेलं आहे, त्यामुळे रंग मुळातच वेगळा. लेबल फाइलमधून बसवलं की ते संपलं. दुसरं, क्लायंट छापील खोक्याशी तुलना करतोय. लेबलची पीडीएफ बहुतेकदा छपाईच्या रंगांत असते आणि स्क्रीनचे रंग वेगळ्या पद्धतीने बनतात, त्यामुळे रूपांतरात गडद हिरवा सरकतो. तिसरं, क्लायंट रात्री फोनवर बघतोय आणि फोनने स्क्रीन आपोआप पिवळसर केलीय. म्हणून विचारा: तुलना कशाशी आणि कुठल्या स्क्रीनवर?

आणि आधीच ठरवून टाका की रंग पांढऱ्या बॅकग्राउंडच्या इमेजवर पास होईल. दगडी पाटीच्या इमेजमध्ये उजेड उबदार आहे, तिथे तोच हिरवा थोडा पिवळ्याकडे झुकणार. तिथेही हेक्स जुळवायला गेलात तर लेबल वरून चिकटवल्यासारखं दिसतं.

---

उभी_रेघ

अगदी. यालाच जोडून, मोठं करण्याची पायरी लेबलच्या आधी ठेवा. इमेज मोठी करणारी बरीच टूल्स नवा तपशील स्वतः भरतात. लेबल बसवून मग मोठी केली तर नीट असलेली अक्षरं पुन्हा वेडीवाकडी होतात. आधी बाटली अंतिम साइजला नेऊन मग लेबल: मूळ फाइलमधून सपाट लेबल, बाटलीच्या गोलाईप्रमाणे वाकवलेलं, कडांकडे किंचित गडद केलेलं, आणि त्यावर काचेवरची चमक वेगळ्या लेयरमध्ये. सिलिंडरच्या समोर फार तर निम्मा घेर दिसतो, त्यामुळे लेबलचा मजकूर बाजूला वळून दिसेनासा होणारच. क्लायंट "पूर्ण लेबल दिसू दे" म्हणाला तर लेबल सपाट करून बसवू नका. त्यासाठी खोक्याची इमेज आहे.

कोन उशिरा बदलणं महाग का पडतं, ते इथे दिसतं. वाकवणं, कडांचा गडदपणा, चमक, तळाशी जमिनीला टेकलेली सावली, सगळं त्या एका कोनाचं असतं. कोन हलला की यातलं काहीच उचलून नेता येत नाही.

चित्राताई, हा माझा मसुदा. नावं, तारखा तुमच्या घाला.

विषय: सीरमच्या पाच इमेजेस: तुमच्या चार मुद्द्यांवर उत्तर आणि पुढच्या तीन फेऱ्या

नमस्कार,

तुमचे चारही मुद्दे मिळाले. बाटलीची रुंदी आणि लेबलवरची अक्षरं या आमच्या बाजूच्या त्रुटी आहेत. त्या आम्ही दुरुस्त करत आहोत आणि त्या कुठल्याही फेरीत मोजणार नाही. हिरव्या रंगासाठी आणि "प्रीमियम"साठी तुमच्याकडून थोडी माहिती हवी आहे, ती खाली लिहिली आहे.

चित्र मिनिटात तयार होतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. मात्र त्या मिनिटात जे तयार होतं ते तुमच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या बाटलीचं चित्र असतं. सॉफ्टवेअर लेबल वाचून लिहीत नाही, अक्षरांसारखे आकार काढतं. म्हणून लेबल आम्ही तुमच्या मूळ फाइलमधून हाताने बसवतो, आणि बाटलीचा आकार मापाने तपासतो. हे काम ठरावीक क्रमानेच होतं, म्हणून फेऱ्या तीन आहेत.

पहिल्या फेरीत कोन, मांडणी, बॅकग्राउंड आणि उजेडाची दिशा ठरवू. या इमेजेस लहान साइजच्या असतील आणि त्यांत लेबल कच्चं असेल, त्याकडे या फेरीत कृपया लक्ष देऊ नये. तुमचा होकार आल्यावर या गोष्टी पक्क्या धरू.

दुसऱ्या फेरीत बाटली तुमची होईल: लेबल, रंग, ड्रॉपर, काच, द्रवाची पातळी. कृपया हातात खरी बाटली घेऊन ही फेरी तपासावी.

तिसऱ्या फेरीत फक्त सफाई: डाग, कडा, सावली आणि लागणाऱ्या साइजेस.

पहिल्या फेरीत पक्का झालेला कोन किंवा मांडणी नंतर बदलायची असेल तर त्या इमेजचं लेबल, चमक आणि सावली पुन्हा करावी लागते. तो बदल आम्ही जरूर करू, मात्र त्याचा वेळ आणि खर्च आधी कळवून.

तुमच्याकडून चार गोष्टी हव्या आहेत. एक, बाटलीची ड्रॉपरसकट उंची आणि व्यास, मिलीमीटरमध्ये. दोन, लेबलची संपादित करता येणारी मूळ फाइल, आणि हिरव्याची तुलना आपण छापील खोक्याशी करता आहात की वेबसाइटशी, ते. तीन, सोबतच्या तीन नमुन्यांपैकी "प्रीमियम"च्या सर्वांत जवळचा कुठला: गडद बॅकग्राउंड, मोकळी जागा जास्त असलेला, की एका बाजूने तिरपा उजेड असलेला? चार, प्रत्येक फेरीची सूचनांची एकच एकत्रित यादी, एका व्यक्तीकडून, इमेजवर आकडे टाकून.

या गोष्टी मिळाल्यापासून दोन कामाच्या दिवसांत पहिली फेरी पाठवू. दुसरीला तीन आणि तिसरीला एक दिवस लागेल. उरलेले चार दिवस तुमच्या तपासणीसाठी धरले आहेत. सूचना त्याहून उशिरा आल्या तर शेवटची तारीख तेवढीच पुढे जाईल.

---

मधुगंधा

चांगला आहे. दहा दिवसांचा हिशेब उघड मांडलात हे फार बरं झालं. चार दिवस आमचेच आहेत हे दिसलं की आमच्याकडेही हालचाल होते.

दोन बदल सुचवते. "त्याकडे या फेरीत लक्ष देऊ नये" हे चालणार नाही. लेबल कच्चं दिसलं की माणूस त्यावरच बोट ठेवतो. पहिल्या फेरीत लेबलच्या जागी सपाट हिरवा पट्टा आणि त्यावर फक्त ब्रँडचं नाव ठेवा. वाचायला काही नसलं की त्यावर सूचना येत नाहीत. दुसरं, चार गोष्टींचा परिच्छेद वर घ्या, चार मुद्द्यांच्या उत्तरानंतर लगेच. फोनवर मेल वाचणारे खाली जात नाहीत.

---

उभी_रेघ

हिरवा पट्टा, मान्य. परिच्छेद वर घेण्याबद्दल मन होत नाही. फेऱ्यांचं कारण वाचण्याआधी मागण्या वाचल्या की त्या कटकट वाटतात. पण तुम्ही पलीकडच्या बाजूच्या, तुम्हाला जास्त ठाऊक.

---

सीडमास्टर

एक प्रश्न उरतोच. पाच इमेजेस, तीन फेऱ्या. चार इमेजेस पास झाल्या आणि हातातली अडली, तर फेरी सगळ्या सेटची मोजायची की त्या एका इमेजची? मी इमेजगणिक मोजतो.

---

तिसरी_प्रत

इमेजगणिक मोजलं तर क्लायंट सूचना सुट्या सुट्या पाठवतो. सोमवारी पहिलीवर, बुधवारी तिसरीवर. उजेड आणि रंग पाचही इमेजेसमध्ये एकसारखे असावे लागतात, त्यामुळे सेट एकत्र बघितलाच पाहिजे. मी सेटने मोजतो.

---

सीडमास्टर

पण हात असलेली इमेज नेहमी मागे राहते. बोटांची पकड, नखं, काचेतून दिसणारं बोट, यावर वेळ जातो. तिच्यासाठी चार पास झालेल्या इमेजेस अडवून ठेवायच्या का?

---

उभी_रेघ

हे मला कोटेशनमध्येच सोडवलेलं आवडतं: हाताची इमेज वेगळी मोजायची, किंवा हात आणि बाटलीचा खरा फोटो घेऊन बॅकग्राउंड तेवढं जनरेट करायचं. काचेमागचं बोट पटेल असं येणं अवघड असतं, कारण सीरममधून दिसणारं बोट मोडतं आणि रुंदावतं, आणि मॉडेल ते कधी सरळच काढतं तर कधी विरघळवून टाकतं. आता कोटेशन गेलेलं असल्यामुळे तुमच्या दोघांपैकी कुठलीही पद्धत चालेल, फक्त ती मेलमध्ये लिहिलेली असू द्या.

---

चित्रा_म

सगळ्यांचे आभार. सेटने मोजते आणि हाताची इमेज दुसऱ्या फेरीपासून वेगळी ठेवते, तसं वाक्य घालते. माहितीचा परिच्छेद मधुगंधा म्हणतात तसा वर घेतेय. ड्रॉपर बाहेर काढलेल्या इमेजमध्ये नळीतलं सीरम पिवळसर आलंय. क्लायंटने त्यावर काही म्हटलेलं नाही. आत्ताच विचारू की दुसऱ्या फेरीत?

---

तिसरी_प्रत

आत्ताच. बाटली तपकिरी असल्यामुळे फोनच्या तिन्ही फोटोंत सीरमचा खरा रंग दिसतच नाही, मॉडेलने तो काचेवरून ओढून घेतलाय. पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकून, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोटो पाठवायला सांगा. त्याच फोटोवरून सीरम किती दाट आहे तेही कळेल, नळीच्या टोकाला लोंबणारा थेंब त्याप्रमाणे काढता येईल. हा पाचवा मुद्दा म्हणून यादीत टाका.

---

मधुगंधा

आणि खोक्याच्या इमेजसाठी खोक्याची तिन्ही मापंही त्याच यादीत मागून घ्या, नाहीतर आठवड्याने त्यासाठी वेगळा मेल करावा लागेल.